रजा टाकली २ दिवस, गेली ४ दिवस: सुट्ट्या जोडण्याचा हिशेब

नव्या वर्षाचं सुट्ट्यांचं पत्रक हाती आलं की सगळ्यांचं पहिलं काम एकच. कुठली सुट्टी कुठल्या वारी आली ते बघायचं, रविवारी आलेल्यांबद्दल हळहळायचं आणि मंगळवार-गुरुवारच्या सुट्ट्यांना खूण करून ठेवायची. मग फोनवर तक्ते फिरू लागतात: 'फक्त ५ रजा टाका आणि ११ दिवस मोकळे व्हा!' हे तक्ते खोटे नसतात. पण त्यांनी एक गोष्ट न सांगता धरून चाललेली असते, ती म्हणजे रजेच्या मध्ये आलेल्या सुट्ट्या रजेत मोजल्या जाणार नाहीत.

ते गृहीतक तुमच्या कामाच्या ठिकाणी चालत नसेल तर सगळा हिशेब उलटतो. २ दिवसांची रजा मंजूर करून घेऊन गेलेला माणूस परत येतो आणि खात्यातून ४ दिवस उडालेले दिसतात. आस्थापना विभागाकडे विचारलं की उत्तर मिळतं, 'सँडविच लागला.' हा सँडविच नेमका काय, तो कधी लागतो, कधी लागत नाही आणि अर्ज कसा लिहिला म्हणजे नंतर वाद होत नाही, ते इथे बघू.

## आधी वार

साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार आहे असं धरू. सार्वजनिक सुट्टी सोमवारी किंवा शुक्रवारी आली तर ३ दिवस फुकटात मिळतात, काही करावं लागत नाही. मंगळवारी किंवा गुरुवारी आली तर मधला एक कामाचा दिवस रजेने भरला की ४ दिवस होतात. बुधवारी आली तर ती सगळ्यात अवघड. कुठल्याही बाजूला २ दिवस भरावे लागतात, तेव्हा ५ दिवस हाती येतात. या मधल्या भरावाच्या दिवसाला स्पॅनिश आणि फ्रेंच माणसं 'पूल' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. दोन काठ आधीपासून असतात, आपण फक्त फळी टाकायची.

ज्या सुट्टीची तारीख दरवर्षी तीच असते ती पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते, आणि मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. म्हणजे यंदा मंगळवारी आलेली सोयीची सुट्टी पुढच्या वर्षी बहुधा बुधवारी येऊन गैरसोयीची होणार. गुरुवारची मात्र शुक्रवारी येऊन आणखी सोपी होते. चंद्राच्या तिथीवर चालणाऱ्या सुट्ट्यांना हा नियम लागू नाही, त्या प्रत्येक वर्षी पत्रकात बघाव्या लागतात.

कामाचा आठवडा ६ दिवसांचा असेल तर हे सगळं गणित बदलतं. काठ एकच दिवसाचा असल्यामुळे गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवार आणि शनिवार अशा २ रजा जोडाव्या लागतात, तेव्हा ४ दिवस होतात. फिरती साप्ताहिक सुट्टी असणाऱ्यांनी फोनवरचे तक्ते बाजूला ठेवून स्वतःचं ड्यूटीचं वेळापत्रक समोर घ्यावं. त्यांचा 'शनिवार-रविवार' बुधवारी असू शकतो, आणि तो महिन्या-महिन्याला बदलतो.

## मधली सुट्टी आणि टोकाची सुट्टी

आता मुख्य मुद्दा. रजेला लागून येणाऱ्या सुट्ट्या दोन जागी असतात. एक, रजेच्या टोकाला: रजा सुरू होण्याआधी किंवा संपल्यानंतर. दोन, रजेच्या पोटात: ज्यांच्या दोन्ही बाजूंना तुमचीच रजा आहे. पहिलीला 'टोकाची सुट्टी' आणि दुसरीला 'मधली सुट्टी' म्हणू. इथून पुढे एवढे दोनच शब्द लक्षात ठेवायचे आहेत.

टोकाची सुट्टी बहुतेक ठिकाणी रजेत मोजत नाहीत. मात्र ती जोडून घेण्यासाठी आधी परवानगी लागू शकते, आणि परवानगी न घेता जोडली तर काही ठिकाणी तीही मोजतात.

खरा फरक मधल्या सुट्टीत पडतो. काही ठिकाणी रजा कामाच्या दिवसांत मोजतात. तुम्ही ज्या दिवशी कामावर असायला हवे होता आणि नव्हता, तेवढेच दिवस गेले. काही ठिकाणी रजा सलग मोजतात. रजेचा पहिला दिवस ते शेवटचा दिवस यांच्या मध्ये जे काही येईल ते सगळं रजेत धरायचं, मग तो रविवार असो की सार्वजनिक सुट्टी. दोन रजांच्या पावांमध्ये सुट्टीचा काप दाबला जातो म्हणून त्याला बोलीत सँडविच म्हणतात.

यातही पोटभेद आहेत. कुठे साप्ताहिक सुट्टी धरतात पण सार्वजनिक सुट्टी सोडतात. कुठे किरकोळ रजेला सँडविच लागत नाही, अर्जित रजेला लागतो. म्हणून 'आमच्याकडे सँडविच आहे का' असा मोघम प्रश्न विचारू नये. या रजाप्रकाराला, मधल्या साप्ताहिक सुट्टीसाठी, आणि मधल्या सार्वजनिक सुट्टीसाठी काय नियम आहे, असं तिन्ही सुटं करून विचारावं. आणि उत्तर शेजारच्या टेबलावरून नको, रजेच्या नियमावलीतून किंवा आस्थापनेच्या लेखी उत्तरातून हवं. शेजारचा जे सांगतो ते पुष्कळदा त्याच्या रजाप्रकारापुरतं खरं असतं.

## एक महिना, तारखांसकट

समजा, एका महिन्यात गुरुवारी १४ तारखेला एक सार्वजनिक सुट्टी आहे आणि मंगळवारी १९ तारखेला दुसरी. १६-१७ शनिवार-रविवार. त्याआधीचा शनिवार-रविवार ९-१० तारखेचा.

पहिला मोह होतो तो १५ आणि १८ तारखेला रजा टाकण्याचा. गुरुवार ते मंगळवार, ६ दिवस सलग. कामाचे दिवस मोजणाऱ्या ठिकाणी याला २ रजा लागतात, आणि यापेक्षा चांगला सौदा क्वचितच मिळतो. पण सलग मोजणाऱ्या ठिकाणी रजा १५ ला सुरू होऊन १८ ला संपते, १६ आणि १७ पोटात येतात, म्हणून ४ रजा जातात. १४ आणि १९ टोकाला आहेत, त्या सुटल्या.

आता त्याच ठिकाणी थोडं सरकून बघा. १५ आणि १८ सोडून द्या आणि ११, १२, १३ अशी सोमवार ते बुधवार रजा टाका. ९ ते १४, तेही ६ दिवसच. पण ९-१० एका टोकाला, १४ दुसऱ्या टोकाला, पोटात काहीच नाही. खर्च ३ रजा. म्हणजे फोनवरच्या तक्त्यात जो पर्याय महागडा म्हणून आलाच नसता तो इथे एक रजा वाचवतो.

मोठी सुट्टी हवी असेल तर फरक आणखी ठळक होतो. ११ ते १३, १५ आणि १८ अशा ५ रजा टाकल्या की ९ ते १९ असे ११ दिवस मिळतात. तो 'फक्त ५ रजा' वाला तक्ता हाच. सलग मोजणीत मात्र ११ पासून १८ पर्यंत सगळं धरलं जातं, म्हणजे ८ रजा. १४, १६ आणि १७ हे ३ दिवस पोटात सापडले.

आता यात एकच बदल करा: शुक्रवारी, १५ तारखेला, कामावर या. रजा राहिल्या ११, १२, १३ आणि १८. पहिला तुकडा ९ ते १४, दुसरा १६ ते १९. एकूण १० दिवस मोकळे आणि खर्च ४ रजा. त्या एका शुक्रवारच्या हजेरीने ४ रजा वाचल्या. लांबच्या प्रवासाला जायचं असेल तर हा तोडगा कामाचा नाही, हे उघड आहे. पण घरीच राहायचं असेल, किंवा शुक्रवारचं काम घरून करण्याची मुभा असेल आणि ती हजेरी धरली जात असेल, तर त्या शुक्रवारची किंमत मनात ठेवूनच निर्णय घ्यावा.

सलग मोजणीच्या ठिकाणी यावरून एक सवय लावून घेता येते. शनिवार-रविवार टोकाला राहील अशी रजा आखा, पोटात जाईल अशी नको. सोमवार ते शुक्रवार ५ रजांत ९ दिवस मिळतात आणि त्यात पोटात काहीच नसतं. सहावी रजा पुढच्या सोमवारी टाकली की खर्च एकदम ८ वर जातो, कारण मधला शनिवार-रविवार आत ओढला जातो. एका जादा दिवसासाठी ३ रजा!

## हा नियम असतोच कशाला?

पहिल्यांदा ऐकताना हा शुद्ध अन्याय वाटतो. रविवारी कोणीच कामावर नसतं, मग माझाच रविवार रजेत का?

उत्तर रजेचा कोटा कसा दिला आहे त्यात असतं. समजा, वर्षाला ३० दिवस रजा मिळते आणि ती सलग मोजायची आहे. ३० दिवस म्हणजे ४ आठवडे आणि वर २ दिवस. त्यात कामाचे दिवस भरतात साधारण २० ते २२. दुसऱ्या ठिकाणी वर्षाला २२ दिवस रजा मिळते आणि फक्त कामाचे दिवस मोजतात. दोन्हींचा पल्ला जवळपास सारखाच. पहिल्या ठिकाणी आकडा मोठा दिला आणि मोजपट्टीही मोठी ठेवली, इतकंच. अन्याय तेव्हा होतो जेव्हा कोटा दुसऱ्या पद्धतीने छोटा दिलेला असतो आणि मोजणी पहिल्या पद्धतीने होते. तुमच्या नियमावलीत हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. तक्रार करायची असेल तर तिचा पाया इथे सापडतो, 'रविवार आमचा हक्काचा' या वाक्यात नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७० सालच्या पगारी रजेच्या कराराने, म्हणजे करार क्रमांक १३२ ने, याबाबत एक रेघ ओढली आहे. वर्षाला किमान ३ कामाचे आठवडे पगारी रजा मिळावी, आणि सार्वजनिक किंवा रूढीने चालत आलेल्या सुट्ट्या या किमान रजेत मोजू नयेत, असं तो म्हणतो. दोन गोष्टी नीट वाचाव्यात. हा करार ज्या देशांनी मंजूर केला त्यांनाच बांधतो. आणि सुट्ट्या वगळायला सांगतो त्या सार्वजनिक, आठवड्याच्या नव्हेत. त्यामुळे साप्ताहिक सुट्टीचा सँडविच आणि सार्वजनिक सुट्टीचा सँडविच हे एकाच पारड्यात टाकण्याजोगे नाहीत. दुसऱ्याविरुद्धचं म्हणणं जास्त भक्कम आहे.

जपानमध्ये तर या प्रकाराला उलटाच न्याय मिळाला आहे. तिथल्या कायद्याने दोन राष्ट्रीय सुट्ट्यांमध्ये एकटा अडकलेला कामाचा दिवसही सुट्टीच होतो. पूल सरकारनेच बांधून द्यायचा!

मालकाच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि ते खोटं नाही. लांब सुट्ट्यांच्या आगेमागे गैरहजेरी वाढते. म्हणून पुष्कळ ठिकाणी असाही नियम असतो की सार्वजनिक सुट्टीच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी न कळवता गैरहजर राहिलात तर त्या सुट्टीचा पगारही कापला जाईल. हा सँडविचपेक्षा वेगळा नियम आहे आणि जास्त बोचरा आहे, कारण यात रजा नाही, पैसे जातात. मंजूर रजेला तो सहसा लागत नाही. फोनवरून 'आज येत नाही' एवढा निरोप देऊन भागवणाऱ्यांना लागतो.

## दोन वेगळे अर्ज केले तर?

हा सगळ्यांना सुचणारा उपाय. १५ चा अर्ज वेगळा, १८ चा वेगळा, म्हणजे मधले शनिवार-रविवार दिसणारच नाहीत. संगणकावरच्या रजाप्रणालीत हे कधीकधी खरोखर चालून जातं. प्रत्येक अर्जापुढे '१ दिवस' असा आकडा दिसतो आणि दोन्ही मंजूर होतात. पण रजा शेवटी हजेरीपटावरून मोजली जाते, अर्जांच्या संख्येवरून नाही. महिनाअखेरीला पगाराचा हिशेब करताना १५ आणि १८ दोन्ही दिवशी तुम्ही नाही हे दिसतं आणि २ दिवस मागाहून वजा होतात. शिल्लक रजा नसेल तर ते बिनपगारी होतात. तोवर तिकिटं वापरून झालेली असतात.

अर्ध्या दिवसाचा तोडगाही असाच जपून वापरावा. शुक्रवारी दुपारपर्यंत काम केलं तर साखळी तुटली असं काही ठिकाणी मानतात. काही ठिकाणी शुक्रवारचा दुसरा अर्धा भाग आणि सोमवारचा पहिला अर्धा भाग रजेवर असेल तर मधला शनिवार-रविवार पोटातच धरतात. म्हणून शुक्रवारी उत्तरार्ध घ्यायचा असेल तर सोमवारी सकाळी वेळेवर हजर राहणं सुरक्षित.

रजेचे दोन प्रकार जोडणंही बऱ्याच नियमावल्यांना मान्य नसतं. किरकोळ रजा ही अचानक उद्भवलेल्या कामासाठी असते, अर्जित रजा आखलेल्या सुट्टीसाठी. १५ ला किरकोळ आणि १८ पासून अर्जित अशी मांडणी केली तर आस्थापना विभाग सगळीच रजा अर्जित करून टाकू शकतो, आणि मग सलग मोजणीही लागू होते. किरकोळ रजेत बसण्याइतकी छोटी सुट्टी असेल तर ती पूर्ण किरकोळच ठेवा.

बदली सुट्टी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी काम केल्याबद्दल मिळालेला मोबदल्याचा दिवस, मात्र भराव म्हणून फार उपयोगी पडतो. तिची मुदत पाहून घ्या. ती ठरावीक दिवसांत वापरली नाही तर जाते, आणि लांब सुट्टीसाठी राखून ठेवता ठेवता नेमकी तीच हातची निसटते.

## अर्जात काय लिहायचं

बहुतेक भानगडी एका वाक्यातून सुरू होतात: 'मला १४ ते १९ सुट्टी हवी आहे.' यात रजा किती, सुट्ट्या किती, कुठली टोकाची, काही कळत नाही. वाचणारा ६ दिवस रजा धरू शकतो, आणि चूक त्याची नसते.

चांगल्या अर्जात तीन गोष्टी सुट्या लिहिलेल्या असतात: रजेच्या तारखा आणि प्रकार, जोडून येणाऱ्या सुट्ट्यांच्या तारखा, आणि हजर होण्याची तारीख. कामाचे दिवस मोजणाऱ्या ठिकाणासाठी तो असा होईल:

विषय: दि. १५ व १८ रोजी २ दिवसांची अर्जित रजा आणि लगतच्या सुट्ट्या जोडून घेण्याची परवानगी मिळण्याबाबत

महोदय/महोदया,
मला शुक्रवार दि. १५ व सोमवार दि. १८ अशी एकूण २ दिवसांची अर्जित रजा मंजूर व्हावी, ही विनंती. गुरुवार दि. १४ व मंगळवार दि. १९ या सार्वजनिक सुट्ट्या तसेच दि. १६ व १७ ही साप्ताहिक सुट्टी या रजेला जोडून घेण्यास परवानगी असावी. या काळात मी बाहेरगावी असेन. बुधवार दि. २० रोजी नेहमीच्या वेळी कामावर हजर होईन.
माझ्याकडील मासिक अहवाल दि. १३ पर्यंत पूर्ण करून देत आहे. तातडीच्या कामासाठी माझे सहकारी (नाव) यांच्याशी बोलणे झाले असून त्यांनी संमती दिली आहे.

प्रत्यक्ष अर्जात महिना आणि वर्ष अर्थातच घालायचं. वार मुद्दाम लिहावा. तारीख चुकली तर वारामुळे चूक लगेच उघडी पडते.

सलग मोजणीच्या ठिकाणी पहिलं वाक्य बदलायचं: 'शुक्रवार दि. १५ ते सोमवार दि. १८ अशी एकूण ४ दिवसांची (दि. १६ व १७ धरून) अर्जित रजा'. हे ४ तुम्हीच लिहिलेत की मागाहून आश्चर्य नाही. नियम नक्की माहीत नसेल तर अर्जातच एक ओळ टाका: 'दि. १६ व १७ रजेत धरल्या जाणार असल्यास कृपया मंजुरीपूर्वी कळवावे.' या ओळीने कोणी रागावत नाही, उलट मंजुरी देणारा एकदा नियम उघडून बघतो.

कारण किती सांगायचं? आखलेल्या अर्जित रजेला 'खासगी काम', 'कुटुंबासह प्रवास', 'बाहेरगावी जाणे' एवढं पुरतं. नसलेलं आजारपण किंवा नातेवाइकाचं दुखणं लिहू नये. जोडसुट्टीच्या तोंडावर आलेला आजार सगळ्यात आधी तपासला जातो आणि वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं जातं. 'तिकिटं काढून झाली आहेत' हेही अर्जात नको. साहेबांना ते विनंतीसारखं वाटत नाही, निर्णय झाल्याची वर्दी दिल्यासारखं वाटतं. तिकीट काढायचंच असेल तर मंजुरीआधी रद्द करता येणारं काढावं.

प्रणालीवर अर्ज भरताना 'पासून' आणि 'पर्यंत' या चौकटींत फक्त रजेचा पहिला आणि शेवटचा दिवस भरायचा. घरातून निघण्याचा आणि परतण्याचा दिवस तिथे घालायचा नसतो. पाठवण्याआधी खाली दिवसांचा आकडा उमटतो. तो तुमच्या हिशेबाशी जुळत नसेल तर तिथेच थांबा. मंजूर झालेली रजा दुरुस्त करण्यापेक्षा न पाठवलेला अर्ज दुरुस्त करणं कितीतरी सोपं.

## रजा हक्काची, मग मिनतवारी कशाला?

रजा साठते तुमच्या खात्यात, हे खरं. पण ती कोणत्या तारखांना घ्यायची हे ठरवताना कामाची सोय बघण्याचा अधिकार बहुतेक नियमांनी वरिष्ठाकडे ठेवलेला असतो. बँकेतले पैसे तुमचेच असतात, तरी मोठी रक्कम काढायची तर आधी सांगून ठेवावं लागतं, तसं.

जोडसुट्टीची अडचण अशी की सगळ्यांना तोच शुक्रवार हवा असतो. ६ जणांच्या विभागात किमान २ माणसं लागत असतील तर ४ जणांनाच रजा मिळणार, आणि उरलेल्या दोघांना आधी आलेल्याला आधी, किंवा गेल्या वेळी कोणाला मिळाली, यावर समजूत घालावी लागते. म्हणून पत्रक आल्यावर महिनाभरातच मोठ्या सुट्टीचा अर्ज टाकावा आणि टाकण्याआधी विभागात तोंडी विचारून घ्यावं. दोन पूल असतील, जसे आपल्या उदाहरणात १५ आणि १८, तर वाटणी सोपी होते. निम्म्यांनी शुक्रवार घ्यायचा, निम्म्यांनी सोमवार. प्रत्येकाला १ रजेत ४ दिवस मिळतात. सलग मोजणीच्या ठिकाणी तर हीच वाटणी सगळ्यात स्वस्त पडते, कारण कुणाचाच शनिवार-रविवार पोटात जात नाही.

## सुट्टीची तारीख सरकली तर

चंद्रदर्शनावर ठरणारी सुट्टी पत्रकात एका तारखेला छापलेली असते आणि ऐनवेळी एक दिवस मागेपुढे होते. आपल्या महिन्यात मंगळवारची १९ तारखेची सुट्टी बुधवारी २० ला गेली असं धरा. आता १९ हा कामाचा दिवस झाला. तुम्ही गावाला आहात, रजा १५ आणि १८ चीच आहे, म्हणजे १९ ला तुम्ही विनापरवाना गैरहजर. ही शक्यता असेल तर अर्जात आधीच लिहून ठेवा: 'दि. १९ ची सुट्टी अन्य दिवशी जाहीर झाल्यास दि. १९ रोजीचीही अर्जित रजा मंजूर समजावी.' शिल्लक रजा मात्र तेवढी हवी.

वर्षाची हद्द ओलांडणाऱ्या सुट्टीत आणखी एक खाच आहे. २५ डिसेंबर आणि १ जानेवारी यांच्यात बरोबर ७ दिवस असतात, त्यामुळे या दोन तारखा नेहमी एकाच वारी येतात. दोन्ही सुट्ट्या असतील तर हा जोड दरवर्षी जमतो. २५ डिसेंबर २०२६ आणि १ जानेवारी २०२७ दोन्ही शुक्रवारी आहेत, म्हणजे २८ ते ३१ डिसेंबर या ४ रजांत २५ डिसेंबर ते ३ जानेवारी असे १० दिवस मिळतात, आणि रजेच्या पोटात एकही सुट्टी येत नाही. पण रजेचं वर्ष डिसेंबरला संपत असेल आणि तुमची रजा जानेवारीतही पुढे जात असेल तर जुन्या वर्षाचे दिवस जुन्या खात्यातून आणि नव्याचे नव्यातून जायला हवेत. अशा वेळी दोन ओळींत तारखा फोडून लिहाव्यात. नाहीतर सगळे दिवस नव्या खात्यातून जातात आणि जुन्यातली न वापरलेली रजा ३१ डिसेंबरला रद्द होऊन बसते.

रजेवर असताना खरोखर आजारी पडलात तर त्याच दिवशी कळवा आणि त्याच तारखेचं प्रमाणपत्र घ्या. अर्जित रजेचं वैद्यकीय रजेत रूपांतर काही ठिकाणी करून मिळतं. परतल्यावर मिळवलेल्या मागच्या तारखेच्या कागदावर ते सहसा होत नाही.

## परतल्यावर

हजर झाल्याच्या दिवशी रजेचं खातं एकदा उघडून बघा, आणि पगारपत्रक आल्यावर पुन्हा. सँडविचची वजावट बहुधा दुसऱ्या खेपेला दिसते. २ च्या जागी ४ गेले असतील तर तोंडी भांडत बसू नका. मंजूर अर्जाची प्रत जोडा आणि आस्थापनेला एवढंच लिहा: 'दि. १५ व १८ अशी २ दिवसांची रजा मंजूर झाली होती, खात्यातून ४ दिवस वजा झाले आहेत. दि. १६ व १७ कोणत्या नियमानुसार धरले ते कळवावे.' नियमाचा क्रमांक आला तर तो वाचून पुढच्या वेळचे दिवस आखता येतात. क्रमांक देता आला नाही तर ते २ दिवस परत जमा करण्याची मागणी त्याच पत्राला उत्तर म्हणून करता येते.